तेच चॅट, तेच नियम, आणि भाषांतर मात्र वेगळं

जुनी_वही

मंडळी, दोन दिवस डोकं खाल्लेला प्रश्न आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पाण्याच्या पंपाच्या एका माहितीपुस्तिकेचं इंग्रजीतून मराठी करायचं काम माझ्याकडे आहे. ९६ पानं. एआयकडून कच्चा मसुदा काढून घ्यायचा आणि मग मी त्यावर हात फिरवायचा, अशी पद्धत. सगळं काम मुद्दाम एकाच चॅटमध्ये ठेवलं होतं, म्हणजे नियम पुन्हा पुन्हा सांगायला नकोत. पहिल्याच संदेशात बजावून ठेवलं होतं: फक्त भाषांतर दे, स्वतःचं काही जोडू नकोस, एकही शब्द वगळू नकोस, सूचना ‘करा’, ‘काढा’ अशा रूपात लिही.

सहा प्रकरणं झकास झाली. मग मूळ पुस्तिकेतच दुरुस्त्या आल्या आणि काम पाच आठवडे थांबलं. परवा तेच चॅट उघडून सातवं प्रकरण टाकलं. आधी सगळीकडे ‘झडप’ होतं, आता ‘व्हॉल्व्ह’. ‘सावधान’ची सूचना आधी वेगळ्या ओळीत यायची, आता ती परिच्छेदात घुसली आहे. आणि कहर म्हणजे प्रत्येक पानाच्या तळाची ओळ, दस्तऐवज क्रमांक, पान ४१/९६, सगळं भाषांतरात आलंय. ‘हे पान हेतुपुरस्सर कोरे ठेवले आहे’ हेही इमानेइतबारे मराठीत!

मधल्या काळात मॉडेल अपडेट झाल्याची पट्टी दिसली होती खरी. पण चॅट तर जुनंच आहे ना? मग जुन्या चॅटला जुनंच मॉडेल नको का? की ते आमचं बोलणं विसरलं? (सेवेचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा ‘हे बरं की ते बरं’वर जाईल.)

---

तिरकस

सोपं आहे. चॅट लांबलं की सुरुवातीचे संदेश गळून पडतात. तुमचे नियम पहिल्या संदेशात, म्हणजे तेच सगळ्यात आधी गेले. अपडेटचा काही संबंध नाही. नियम पुन्हा एकदा चिकटवा, काम खतम.

---

पोस्टकार्ड

माझंही अगदी हेच झालंय! नवीन फोन घेतला तर जुनी चॅट दिसतच नाहीत. बॅकअपमधून परत आणता येतात का?

---

कंदील

पोस्टकार्ड, तुमचा प्रश्न वेगळा आहे. बहुतेक दुसऱ्या खात्याने लॉगिन झालं असेल, ते आधी बघा.

जुनी_वही, ‘विसरलं का’ याचं उत्तर नाही असं आहे, पण कारण गमतीशीर आहे: त्याच्या लक्षात कधी काही नव्हतंच. तुम्ही पाच आठवड्यांपूर्वी लागोपाठ दोन संदेश पाठवत होतात, तेव्हाही त्या दोन संदेशांच्या मधल्या वेळात मॉडेलमध्ये तुमच्या पुस्तिकेचं काहीही राहत नव्हतं. सेवेकडे साठवलेला असतो तो फक्त संवादाचा मजकूर. तुम्ही नवा संदेश पाठवला की आधीचा मजकूर त्याच्या वर जोडून सगळा गठ्ठा मॉडेलकडे जातो. ते पहिल्या ओळीपासून वाचतं आणि पुढचा मजकूर लिहितं. दर वेळी. जाणारा गठ्ठा साधारण असा दिसतो:

```
system: (सेवेच्या स्वतःच्या सूचना)
user: फक्त भाषांतर दे...
assistant: प्रकरण १: ...
user: आता प्रकरण २
assistant: ...
```

यात एक गोष्ट बघा. ‘assistant’ असं लिहिलंय, कुठलं मॉडेल ते लिहिलेलं नाही. चॅट म्हणजे केसपेपर. पाच आठवड्यांनी दवाखान्यात डॉक्टर बदलले आहेत, केसपेपर तोच आहे. नवे डॉक्टर तो वाचून पुढचं औषध लिहितात.

जुन्या चॅटला जुनं मॉडेल द्यायचं की नाही, हा सेवेचा निर्णय असतो. जुनं मॉडेल चालू ठेवायचं तर त्याच्यासाठी यंत्रं अडकून राहतात, त्यामुळे कधीतरी ते बंद होतंच. ऑगस्ट २०२५ मध्ये चॅटजीपीटीत जीपीटी-५ आलं तेव्हा यादीतली जुनी मॉडेलं काढली गेली आणि त्यांच्यावर चाललेली जुनी संभाषणं उघडली की नव्याच मॉडेलवर चालू लागली. लोकांनी बराच आरडाओरडा केल्यावर जीपीटी-४ओ पैसे भरणाऱ्यांना पुन्हा निवडता येऊ लागलं.

---

तिरकस

म्हणजे गठ्ठा मोठा झाला की वरचा भाग कापावाच लागणार. मी तेच म्हणालो.

---

कंदील

कापला जातो, हे बरोबर. पण इथे तेच झालंय हे तुम्ही गृहीत धरलंत. तपासता येईल. जुनी_वही, पहिल्या संदेशात असं काही होतं का, जे नंतर पुन्हा कुठेच आलेलं नाही? तेवढंच विचारा.

---

जुनी_वही

होतं. पुस्तिकेच्या आवृत्तीचा क्रमांक मी फक्त पहिल्या संदेशात लिहिला होता. विचारला, बरोबर आला. म्हणजे सुरुवात पोचतेय.

---

रात्रपाळी

सावध राहा, काही ठिकाणी जुना भाग कापत नाहीत, त्याचा सारांश करून पाठवतात. सारांशात क्रमांक टिकतो आणि शैली हरवते. त्यामुळे एक तपशील बरोबर आला म्हणजे सगळा मजकूर शब्दशः पोचला, असं नाही.

आणि कापाकापीच्या अंदाजातही एक मेख आहे. मॉडेल मजकूर तुकड्यांत मोजतं आणि तुकडे पाडायची पद्धत मॉडेलबरोबर बदलू शकते. मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ आलं तेव्हा ओपनएआयने नमुन्यादाखल जी वाक्यं दिली होती त्यात मराठी वाक्य ९६ तुकड्यांवरून ३३ वर आलं होतं. म्हणजे असा बदल झाला तर तेच मराठी चॅट नव्या मॉडेलला उलट हलकं पडतं. अपडेटनंतर चॅट जास्त कापलं जाईल असं आपोआप म्हणता येत नाही.

---

तिरकस

ठीक, माघार. पण मग नियम पोचूनही पाळले का नाहीत?

---

कंदील

माझं म्हणणं उलटं आहे. पाळले, जरा जास्तच पाळले. तळाची ओळ बघा. ‘एकही शब्द वगळू नकोस’ हा नियम त्यांनी का लिहिला असेल?

---

जुनी_वही

कारण सुरुवातीला ते वाक्यं गाळायचं! लांब परिच्छेद दिला की दोन वाक्यांचं एक करायचं. म्हणून वैतागून ‘एकही शब्द’ लिहिलं. तळाच्या ओळी त्यात धरायच्या असं माझ्या मनातही नव्हतं. आधीचं मॉडेल त्या आपणहून सोडून द्यायचं.

---

कंदील

हीच ग्यानबाची मेख. तो नियम तुम्ही एका विशिष्ट मॉडेलच्या खोडीवर उतारा म्हणून लिहिलात. त्याला गाळायची सवय होती, तुम्ही उलट्या बाजूने जोर लावलात आणि काटा मध्ये आला. आता नव्याला ती खोड नाही, किंवा कमी आहे. जोर मात्र तसाच. काटा पलीकडे गेला.

नवी मॉडेलं सूचना अक्षरशः घेण्याकडे जास्त झुकतात, हा अनुभव बऱ्याच जणांचा आहे. एप्रिल २०२५ मध्ये जीपीटी-४.१ आलं तेव्हा ओपनएआयच्याच मार्गदर्शिकेत लिहिलं होतं की हे आधीच्यांपेक्षा सूचना जास्त शब्दशः पाळतं, तेव्हा जुन्या सूचना तपासून घ्या. मी चाचणीच्या कामात रोज हे बघतो. ‘थोडक्यात सांग, अगदी थोडक्यात’ असं पाल्हाळिक मॉडेलसाठी लिहिलेलं असतं, आणि नवं मॉडेल दीड ओळीत आटोपतं. मग लोक म्हणतात, नवं आळशी आहे.

जुन्या चॅटमध्ये हे जास्त बोचतं, कारण असे उतारे तिथे साचलेले असतात. बाराव्या संदेशात एक, विसाव्यात एक. आपण ते कधीच विसरून गेलेलो असतो. मॉडेल मात्र दर वेळी सगळे वाचतं.

---

गणिती

डॉक्टरांच्या उपमेत एक भोक आहे. नव्या डॉक्टरला अक्षरावरून कळतं की हे दुसऱ्या कुणी लिहिलंय. इथे तसं नाही. नवं मॉडेल जुनी उत्तरं ‘ही आपलीच’ म्हणूनच वाचतं. त्यामुळे दोन ओढी लागतात. एक, आधीच्या उत्तरांसारखं लिहायची, कारण समोर तोच नमुना आहे. दुसरी, स्वतःच्या सवयीची. जिथे नमुना ठसठशीत तिथे पहिली जिंकते, जिथे नमुना नाही तिथे दुसरी.

म्हणूनच ‘तू तेव्हा असं का लिहिलंस’ हे जुन्या चॅटमध्ये विचारण्यात अर्थ नाही. ज्याने लिहिलं ते आता तिथे नाही. जे आहे ते मजकूर वाचून एखादं पटेलसं कारण जुळवून देईल. खरं तर त्याच मॉडेलला विचारलं तरी हा धोका असतो, बदललेल्याला विचारलं तर विचारूच नका.

---

कंदील

मान्य. उपमा तेवढ्यापुरतीच होती.

---

रिकामटेकडा

एवढा काथ्याकूट कशाला? मॉडेलं अपडेटनंतर ढ होतात हे सिद्ध झालंय. २०२३ मध्ये स्टॅनफर्ड आणि बर्कलीच्या लोकांनी जीपीटी-४ला मूळ संख्या ओळखायला लावल्या होत्या. मार्चमध्ये ९७.६ टक्के बरोबर, जूनमध्ये २.४ टक्के. तीन महिन्यांत! आणि नाव तेच.

---

गणिती

तो निबंध वाचलाय. आकडे पहिल्या मसुद्यातले, बरोबर आहेत. पण त्या मसुद्यात विचारलेल्या सगळ्याच्या सगळ्या संख्या मूळ होत्या. मार्चचं मॉडेल जवळपास प्रत्येक संख्येला ‘हो, मूळ आहे’ म्हणायचं, जूनचं जवळपास प्रत्येकीला ‘नाही’. प्रिन्स्टन विद्यापीठातले अरविंद नारायणन आणि सायाश कपूर यांनी संयुक्त संख्या देऊन हे दाखवलं. खरी तपासणी दोन्ही वेळा होतच नव्हती. म्हणजे बुद्धी घटली नव्हती, अंदाज मारायची सवय उलटली होती.

त्याच निबंधात दुसरं उदाहरण आहे ते या धाग्याला जास्त लागू आहे. जूनच्या मॉडेलने कोडच्या आजूबाजूला तीन तिरक्या चिन्हांच्या ओळी घालायला सुरुवात केली. त्यामुळे तो मजकूर जसाच्या तसा चालवला तर चालेना. आतला कोड बरोबर असूनही. जुनी_वहींच्या ‘सावधान’सारखंच: आशय तोच, बाहेरचं वेष्टन बदललं.

---

सायली_नव्हे

मला ‘ढ झालं’ यापेक्षा वेगळंच सांगायचंय. मी एका चॅटमध्ये जवळजवळ रोजनिशी लिहायचे. मध्ये महिनाभर नाही लिहिलं. परत उघडलं तर उत्तरं नीट होती, चुकीचं काही नव्हतं, पण तो आवाजच नव्हता. आधी विनोद करायचं, आता मुद्द्यांची यादी. वर स्क्रोल केलं की जुना आवाज, खाली नवा. फार चमत्कारिक वाटलं. वाटलं तेवढं लिहिते, हसू नका.

---

कंदील

हसण्यासारखं काही नाही. जीपीटी-५च्या वेळी झालेल्या आरडाओरड्यात बराच भाग याच तक्रारीचा होता. तुमचं खातं तेच, गप्पा त्याच, पण आवाज मजकुरात फक्त अर्धा असतो. उरलेला मॉडेलच्या घडणीत असतो आणि तो केसपेपरवर उतरत नाही.

---

पोस्टकार्ड

दुसरंच खातं होतं! चॅट सापडली. पण आता एका जुन्या चॅटमध्ये मी हिशेबाची एक्सेल फाइल टाकली होती, त्याबद्दल विचारलं तर फाइल मिळत नाही म्हणतंय. आणि आधी त्याच फाइलची बेरीज त्यानेच केली होती. हेही अपडेटमुळे?

---

रात्रपाळी

नाही, हे वेगळं. फाइलवर काम करायला तात्पुरती जागा उघडली जाते, ती काही वेळाने पुसली जाते. संवादाचा मजकूर राहतो, फाइल राहत नाही. फाइल परत चढवा. ‘मिळत नाही’ असं सरळ म्हणालं हे नशीब समजा. कधी कधी वरच्या बेरजा वाचून त्यावरूनच पुढचं बोलत राहतं आणि फाइल उघडल्यासारखं वाटतं.

---

कंदील

जुनी_वही, आता थोडं काम करा, म्हणजे अंदाज कमी होतील. तिसऱ्या प्रकरणातला एक परिच्छेद, जो पाच आठवड्यांपूर्वी मनासारखा झाला होता, तो आज त्याच चॅटच्या शेवटी पुन्हा टाका. एकदा नाही, चार वेळा, उत्तर पुन्हा मागवून. एका उत्तरावरून काही ठरवू नका. मॉडेल तेच असलं तरी दोन उत्तरांत फरक पडतोच. मग सातव्यातला परिच्छेद तसाच चार वेळा. आणि एक अगदी कोरं चॅट उघडून फक्त पहिल्या संदेशातले नियम देऊन तेच दोन परिच्छेद. झडप, सावधान, तळाची ओळ, एवढंच मोजा.

---

जुनी_वही

केलं. संध्याकाळ गेली, पण मजा आली.

जुन्या चॅटमध्ये तिसऱ्या प्रकरणाचा परिच्छेद: चारही वेळा ‘झडप’. सातव्या प्रकरणाचा: चारपैकी तीन वेळा ‘व्हॉल्व्ह’. कोऱ्या चॅटमध्ये दोन्ही परिच्छेदांत सरसकट ‘व्हॉल्व्ह’. तळाची ओळ सगळीकडे, दर वेळी आली. ‘सावधान’ मात्र धरसोड, कधी वेगळ्या ओळीत, कधी नाही.

---

गणिती

सुंदर. कोऱ्या चॅटने सांगितलं की नव्या मॉडेलची स्वतःची सवय ‘व्हॉल्व्ह’ आहे. तिसऱ्या प्रकरणात ‘झडप’ आलं, कारण तोच परिच्छेद ‘झडप’सकट वर लिहिलेला आहे. सातव्यात असं काय आहे जे आधी नव्हतं?

---

जुनी_वही

सातव्यात साधी झडप नाहीच. तिथे ‘नॉन-रिटर्न’ आणि ‘प्रेशर रिलीफ’ अशा जोडशब्दांतले व्हॉल्व्ह आहेत. ते आधीच्या सहा प्रकरणांत आलेच नव्हते!

आणि एक लाज वाटण्यासारखी गोष्ट. मला खात्री होती की मी ‘व्हॉल्व्हला झडपच म्हण’ असं सांगितलंय. पूर्ण चॅट चाळलं, असं वाक्य कुठेच नाही. चौदाव्या संदेशात एवढंच आहे: ‘हे छान, असंच ठेव.’

---

कंदील

काय ‘असंच’? त्या उत्तरात ‘झडप’ होतं, ‘सावधान’ची वेगळी ओळ होती, आणि बहुधा आणखी दहा गोष्टी होत्या. जुन्या मॉडेलने ‘असंच’मध्ये शब्दही धरला असेल. किंवा धरला नसेलही, त्याला मुळातच ‘झडप’ आवडत असेल आणि तुमच्या शाबासकीचा काही संबंध नसेल. ते आता कळायचा मार्ग नाही, कारण ते मॉडेलच हाताशी नाही. नव्याने ‘असंच’चा अर्थ वेगळा लावला एवढं दिसतंय.

तुम्ही त्याच्याशी केलेला करार अर्धा कागदावर होता आणि अर्धा त्याच्या स्वभावावर. नव्याकडे फक्त कागद गेला.

---

तिरकस

‘हे छान, असंच ठेव’ मी दिवसातून वीस वेळा लिहितो. 😐

---

रात्रपाळी

त्यात आणखी एक पदर. गठ्ठ्याच्या अगदी वर सेवेच्या स्वतःच्या सूचना असतात, कंदील यांनी दाखवलेल्या पहिल्या ओळीत. त्या आपल्याला दिसत नाहीत आणि मॉडेलचं नाव न बदलताही बदलू शकतात. अँथ्रॉपिक क्लॉडच्या अ‍ॅपमधल्या अशा सूचना तारखांसह प्रसिद्ध करते, वाचून बघा, किती वेळा बदलल्यात ते कळेल. ‘सावधान’ची धरसोड तिथूनही आलेली असू शकते, मांडणी कशी ठेवायची याबद्दल त्यात बरंच काही असतं.

मी हे काम अ‍ॅपऐवजी प्रोग्रॅममधून करतो. तिथे तारीख जोडलेलं नाव देता येतं. `gpt-4o` लिहिलं तर त्या नावामागचं मॉडेल सरकू शकतं, `gpt-4o-2024-08-06` लिहिलं तर तेच मिळतं. वरच्या सूचनाही माझ्याच. अर्थात तारखेचं मॉडेलही एक दिवस बंद होतं, पण ते कधी ते आधी कळवलेलं असतं.

---

जुनी_वही

माझ्याकडे प्रोग्रॅम वगैरे नाही, अ‍ॅपच आहे. तर आता जुन्याच चॅटमध्ये नियम दुरुस्त करून पुढे जाऊ, की नवं उघडू?

---

गणिती

जुन्यात राहा. सहा प्रकरणांची मंजूर भाषांतरं हा केवढा मोठा नमुना आहे. तिसऱ्या प्रकरणाने दाखवलंच की तो नव्या मॉडेलला ओढून धरतो.

---

कंदील

मी नवं उघडेन. तो नमुना आहेच, पण त्यात तुमची मधली भांडणंही आहेत: चुकलेली उत्तरं, ‘नाही, असं नको’, आणि जुन्याच्या खोडींवरचे उतारे. नवं मॉडेल चुकलेलं उत्तरही आपलंच म्हणून वाचतं. शिवाय पहिला संदेश आता बदलायला जाल तर बहुतेक ठिकाणी तिथून चॅटला नवी फांदी फुटते आणि खालचं सगळं त्या फांदीत येत नाही. मग जुन्यात राहण्याचा फायदाच उरत नाही.

कोऱ्या चॅटमध्ये हे न्या: दुरुस्त केलेले नियम, लिहून काढलेली शब्दांची यादी, आणि हाताने तपासलेली दोन पानं, इंग्रजी आणि मराठी दोन्ही. त्यातलं एक ‘सावधान’वालं असू द्या. ‘एकही शब्द वगळू नकोस’ काढून टाका, त्याऐवजी ‘मुख्य मजकुरातलं प्रत्येक वाक्य भाषांतरित कर, पानाच्या वरच्या-तळाच्या ओळी आणि कोऱ्या पानांची सूचना सोडून दे’ असं लिहा.

---

गणिती

दोन पानांत सहा प्रकरणांची शैली मावेल असं मला वाटत नाही. पण करून बघा.

---

जुनी_वही

केलं, कंदील यांच्या पद्धतीने. शब्दांची यादी करायला बसले तेव्हा कळलं की २३ शब्द मी मनात ठरवले होते आणि लिहिला एकही नव्हता. नॉन-रिटर्नला ‘एकदिशा झडप’ ठरवलं.

सातवं प्रकरण पूर्ण केलं. झडप सगळीकडे. तळाच्या ओळी गेल्या. पण गणिती यांचंही थोडं खरं ठरलं: वाक्यं जरा ताठ झाली आहेत, आधीच्या प्रकरणांतला सैलपणा नाही. हात जास्त फिरवावा लागतोय.

आणि ‘सावधान’! नमुन्यात वेगळी ओळ दिली, नियमात लिहिलं, तरी अकरापैकी दोन ठिकाणी परिच्छेदातच आली. त्या दोन्ही ठिकाणी मूळ इंग्रजीत सूचना क्रमांक घातलेल्या पायऱ्यांच्या मध्ये आहे. योगायोग की तेच कारण?

---

रात्रपाळी

पायऱ्यांच्या मध्ये वेगळी ओळ घातली की क्रमांक तुटतात, म्हणून टाळत असावं. तुमच्या नमुन्याच्या पानात पायऱ्यांमधली ‘सावधान’ होती का?

---

जुनी_वही

नव्हती. उद्या तसं एक पान शोधून घालते आणि इथे कळवते.